अ‍ॅप काढलं तरी पैसे कापले जात होते

आईच्या मोबाईलवर भजनांचं एक अ‍ॅप होतं. 'फक्त 1 रुपयात 7 दिवस' अशी जाहिरात पाहून तिने यूपीआय पिन टाकला. दोन-तीन दिवसांत अ‍ॅप आवडेनासं झालं, म्हणून तिने ते काढून टाकलं. विषय संपला असं तिला वाटलं. पुढे खात्यातून 599 रुपये गेले, आणि जाहिरातीत तर महिन्याला 199 लिहिलं होतं.

त्या पिनने 1 रुपया तर गेलाच, शिवाय ऑटोपेचं मँडेट, म्हणजे पुढेही खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगीही दिली गेली. हे मँडेट बँक आणि यूपीआयकडे नोंदलेलं असतं, त्यामुळे अ‍ॅप काढल्याने त्याला धक्का लागत नाही. पुढच्या 15,000 रुपयांपर्यंतच्या कपातीला साधारणपणे पिनही लागत नाही. पिन टाकण्याआधीच्या पानावर रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि कधीपर्यंत, हे सगळं दिसतं. आईच्या मँडेटवर रकमेपुढे '999 पर्यंत' होतं. म्हणजे त्या मर्यादेत कंपनी कितीही मागू शकते. कंपनीने तीन महिन्यांचा प्लॅन लावून 599 ओढले. जाहिरातीतला आकडा मोठ्या अक्षरांत आणि हा बारीक अक्षरांत, ही मला सरळ फसवणूक वाटते.

शोधायलाही वेळ लागला, कारण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये अ‍ॅपचं नाव नव्हतं, कुठल्याशा अनोळखी कंपनीचं होतं. शेवटी ज्या यूपीआय अ‍ॅपवरून पिन टाकला होता, त्याच्या प्रोफाइलमधल्या 'ऑटोपे' विभागात ते सापडलं. तिथे मँडेट उघडून रद्द करायचं आणि पिन टाकायचा. यादीत ते 'रद्द' दिसेपर्यंत निर्धास्त होऊ नका. त्या कंपनीच्या अ‍ॅपमधलं 'सदस्यत्व बंद करा' हे बटण दाबलं तरी इथे येऊन खात्री करा. घरात दोन-तीन यूपीआय अ‍ॅप्स वापरत असाल तर प्रत्येकात बघा.

सदस्यत्व प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथेही ते बंद करावं लागतं: प्रोफाइलचं चित्र, मग 'Payments & subscriptions', मग 'Subscriptions'. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप केलं की 'Subscriptions' दिसतं.

कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. आईलाही मेसेज आला होता, पण जाहिरातींच्या गर्दीत बुडाला. तो दिसला की त्याच दिवशी रद्द करा, कारण नंतर रद्द केल्याने गेलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी कंपनीकडे लेखी मागणी करावी लागते, आणि तिने दाद दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. 2023 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा सदस्यत्वाच्या सापळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रारीत तो लिहा आणि मँडेटच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा.