रिव्हर्ब: कोंब फिल्टर की ऑल-पास?

ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोएडरने 1962 मध्ये रिव्हर्बसाठी, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्यासाठी, हे दोन्ही फिल्टर वापरले: चार कोंब समांतर, मग दोन ऑल-पास एकामागे एक.

घुमारा किती टिकणार, हे आवाज ठरावीक विलंबाने पुन्हा पुन्हा परतवणारा कोंब ठरवतो. 30 मिलिसेकंदांनी परतणारा आवाज दर फेरीला 0.9 पट केला की सुमारे 2 सेकंदांत 60 डेसिबल उतरतो. पण सेकंदाला जेमतेम 33 प्रतिध्वनी, शिवाय दर 33 हर्ट्झवर उंचवटा; एकट्या कोंबातून टाळी पत्र्याच्या नळीत वाजवल्यासारखी येते.

ऑल-पास सगळ्या वारंवारता सारख्याच सोडतो आणि 5 व 1.7 मिलिसेकंदांच्या विलंबांनी प्रतिध्वनी दाट करतो. तरी तबल्याच्या कोरड्या थापेवर तोही किणकिणतो, म्हणून कान तिथेच लावावा. लांबी हवी तर कोंबच. दाटपणासाठी मात्र मी ऑल-पासच निवडेन.