ज्योतीचं तापमान काढायला काय धरावं: सरळ सीपी, एन्थाल्पीची टेबलं की डिसोसिएशनवालं सॉफ्टवेअर?

भाचा बडोद्याच्या कलाभवनात केमिकल इंजिनिअरिंगला आहे. परवा दांडिया बाजारात आमच्या घरी आला तेव्हा वही उघडून म्हणाला, "मामा, मिथेन हवेत जळल्यावर ज्योतीचं तापमान २४१७ केल्विन येतंय, मित्राचं २०६९ येतंय आणि दोघांनी वीस टक्केच एक्सेस एअर घेतलीय, मग चूक कुणाची?" चूक दोघांचीही नव्हती, पद्धत वेगळी होती. मी बरीच वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत गॅसच्या भट्ट्यांचे बर्नर लावून देतो, त्यामुळे कुठल्या कामाला कुठली पद्धत पुरते ते हाताने करून पाहिलंय. ज्याला कुठली पद्धत धरायची ते ठरवायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी मांडणी, कारण तिन्ही पद्धतींत मांडणी तीच असते. आपल्याकडचा पाइपाचा गॅस बहुतेक मिथेनच, म्हणून एक मोल मिथेन धरू. त्याला नेमका लागणारा ऑक्सिजन दोन मोल, आणि हवेत दर ऑक्सिजनमागे ३.७६ नायट्रोजन येतो. वीस टक्के जादा हवा म्हणजे ऑक्सिजन २.४ मोल, त्यातला ०.४ न जळता तसाच बाहेर पडतो.

```
CH4 + 2.4 (O2 + 3.76 N2) -> CO2 + 2 H2O + 0.4 O2 + 9.024 N2
```

हे तापमान अॅडियाबॅटिक धरून काढतात, म्हणजे उष्णता भिंतीतून बाहेर गेली नाही, कुठलं काम झालं नाही, सगळी ज्वलनाची उष्णता धुराच्या वायूंनाच तापवायला गेली. गॅस आणि हवा दोन्ही २९८ केल्विनला आत आले तर हिशोब एवढाच उरतो:

```
802.3 kJ = sum n_i [h_i(T) - h_i(298)]
```

यात n म्हणजे त्या वायूचे मोल आणि h म्हणजे एन्थाल्पी, एका मोलात साठलेली उष्णता. ८०२.३ हा मिथेनचा लोअर हीटिंग व्हॅल्यू, किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे पाणी वाफ म्हणूनच राहतं असं धरलेला. इथे बरेच जण फसतात, कारण गॅसचा हिशोब जीसीव्हीवर, म्हणजे वरच्या हीटिंग व्हॅल्यूवर चालतो आणि तोच आकडा उचलून शीटमध्ये टाकला जातो. मिथेनचा तो आकडा ८९०.३ आहे. तो घातला आणि उजवीकडे पाणी वाफेचंच ठेवलं तर उत्तर पावणेदोनशे केल्विनने वर जातं. एका कारखान्यात मला दाखवलेल्या शीटमध्ये नेमकं हेच झालं होतं आणि त्याच्या जोरावर जास्त तापमानाच्या, महागड्या विटा घ्यायचं चाललं होतं. उत्तर फार चांगलं वाटायला लागलं की आधी हा आकडा बघायचा.

आता पहिली पद्धत. प्रत्येक वायूचा सीपी, म्हणजे त्याचा एक मोल एक केल्विनने तापवायला लागणारी उष्णता, खोलीच्या तापमानाचा घ्यायचा, मोलने गुणून बेरीज करायची आणि ८०२३०० ज्यूलला तिने भागायचं. वीस टक्क्यांना बेरीज ३७८.७ ज्यूल प्रति केल्विन येते, तापमानवाढ २११८, उत्तर २४१७ केल्विन, जे भाच्याच्या वहीत होतं. पाच मिनिटांचं काम आहे खरं, पण वायू तापला की त्याचा सीपी वाढत जातो, कार्बन डायऑक्साइडचा तर २९८ ला ३७ असतो तो १२०० केल्विनला ५६ होतो, पाण्याच्या वाफेचा ३४ वरून ४४ च्या जवळ जातो, म्हणजे गरम वायू जास्त उष्णता खातो आणि आपण ती मोजलीच नाही म्हणून उत्तर नेहमी वर जातं, खाली कधीच नाही.

ही पद्धत वापरायचीच असेल तर सीपी खोलीचा नको, मधल्या तापमानाचा घ्या. अंदाजाने २१०० धरा, २९८ आणि त्याचा मध्य साधारण १२००, तिथले सीपी घेतले की उत्तर २०३४ येतं. टेबलांच्या २०६९ पेक्षा ३५ ने कमी, कारण सीपीचा आलेख वर जाताना वाकून सपाट होत जातो आणि मधला सीपी हा सरासरीपेक्षा थोडा मोठाच निघतो. फोनवर कुणी विचारलं तर मी हेच करतो. पण मध्य बिंदू प्रत्येक वेळी नव्याने काढायचा हं, शंभर टक्के जादा हवेला मध्य ९०० च्या आसपास येतो, तिथेही १२०० चेच सीपी वापरले तर सत्तरेक केल्विन खाली जाता.

दुसरी पद्धत एन्थाल्पीच्या टेबलांची, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकांनी हीच धरावी. तापमान आधी अंदाजाने घ्यायचं, चारही वायूंची एन्थाल्पी टेबलातून वाचायची, बेरीज ८०२.३ च्या खाली आली की वर, वर आली की खाली जायचं. भाच्यासमोर करून दाखवलं ते असं. २००० केल्विनला कार्बन डायऑक्साइड ९१.४, वाफ दोनदा ७२.८, ऑक्सिजन ०.४ गुणिले ५९.२, नायट्रोजन ९.०२४ गुणिले ५६.१४, बेरीज ७६७.३, कमी पडली. २२०० ला तीच बेरीज ८६८.३, जास्त झाली. दोनशे केल्विनमध्ये १०१ किलोज्यूल वाढले, आपल्याला ३५ हवेत, म्हणजे २००० अधिक ६९, उत्तर २०६९ केल्विन, सेल्सियसमध्ये १७९६. दोनच अंदाज लागले. एक्सेलमध्ये केलंत तर गोल सीक एका क्लिकमध्ये देतो, पण एकदा तरी हाताने करा, कारण तेव्हाच दिसतं की ८०२ पैकी ५२९ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश, एकटा नायट्रोजन घेऊन जातो जो जळण्यात भागच घेत नाही.

म्हणूनच जादा हवेचा परिणाम एवढा जबर आहे. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवतो, सगळे केल्विनमध्ये:

| जादा हवा | खोलीचा सीपी | टेबल | फरक |
|---|---|---|---|
| ०% | २७८१ | २३२७ | ४५४ |
| २०% | २४१७ | २०६९ | ३४८ |
| ५०% | २०३५ | १७८९ | २४६ |
| १००% | १६३४ | १४८० | १५४ |

हवा जेवढी जास्त तेवढा फरक कमी, कारण ज्योत थंड असली की सीपीला वाढायला वावच कमी मिळतो. पण दीडशे केल्विन हा काही सोडून देण्यासारखा आकडा नाही, त्यामुळे खोलीचा सीपी मी कुठल्याच ओळीत घेणार नाही.

भट्टीजवळ ही टक्केवारी कुठून कळते तर धुरातल्या ऑक्सिजनवरून. ॲनलायझर धूर थंड करून पाणी काढून टाकतो, म्हणजे कोरडा आकडा देतो. वरच्या समीकरणात पाणी वगळलं की १०.४२४ मोल उरतात, त्यात ०.४ ऑक्सिजन, म्हणजे ३.८ टक्के. पडद्यावर साडेसात दिसले तर जादा हवा पन्नास टक्के आहे आणि ज्योत २८० केल्विनने थंड झालीय. मात्र दारातून हवा आत ओढली जात असेल तर प्रोबला दिसणारा ऑक्सिजन हा ज्योतीतला नसतो, म्हणून प्रोब दारापासून लांब, जळणाच्या जागेच्या जवळ ठेवा.

आता तिसरी, डिसोसिएशन धरणारी. खूप तापमानाला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी थोडे थोडे तुटतात, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, ओएच तयार होतात, नायट्रोजनचाही थोडा एनओ होतो आणि या सगळ्याला उष्णता लागते, म्हणून ज्योत थोडी खाली बसते. हे हाताने करणं जिकिरीचं आहे, त्यासाठी `Cantera` किंवा नासाचं `CEA` वापरतात. जादा हवा शून्य असताना याची गरज खरीच आहे, टेबल २३२७ सांगतं आणि समतोल धरला की २२२६ च्या आसपास येतं, पूर्ण शंभराचा फरक. पण वीस टक्के जादा हवा दिली की माझ्या हिशोबाने हा फरक वीसेक केल्विनवर येतो आणि पन्नास टक्क्यांना तो मोजण्यासारखाही राहत नाही. एक तर ज्योत थंड होते, शिवाय जादा ऑक्सिजन समोर असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडला टिकता येत नाही.

त्यामुळे भाच्याला मी सांगितलं ते असं की जादा हवा पंधरा-वीस टक्क्यांच्या वर आणि हवा गरम करून दिलेली नाही, तर टेबलं पुरे, त्यात सॉफ्टवेअर शिकण्यात आठवडा घालवू नकोस. हवा प्रीहीट केली की मात्र गणित बदलतं. तीच वीस टक्के जादा हवा ६०० केल्विनला आत दिली तर ती स्वतः १०२ किलोज्यूल घेऊन येते, डावीकडे ९०४.८ होतात आणि टेबल २२७१ दाखवतं. इथे डिसोसिएशन परत जागं होतं. धुराच्या उष्णतेने हवा तापवणारा रिक्युपरेटर लावायचा विचार असेल, किंवा एनओएक्सचा, म्हणजे एनओसारख्या प्रदूषक वायूंचा अंदाज हवा असेल, तर तिसरी पद्धतच धरा, टेबलावर भरवसा नको.

आणि एक गोष्ट जी मी कुणाच्याच शीटमध्ये पाहिलेली नाही ती म्हणजे बडोद्याचा पावसाळा. तीस डिग्री आणि ऐंशी टक्के आर्द्रता धरली तर बर्नरच्या ब्लोअरमधून दर मोल मिथेनमागे जवळजवळ ०.४ मोल वाफ आत जाते. ती जळत नाही, फक्त तापते. उजवीकडे पाण्याचे २ मोल होते तिथे २.४ लिहा आणि परत टेबल लावा, २०६९ चं २०१२ होतं. म्हणजे ज्या वीस केल्विनसाठी लोक सॉफ्टवेअर उतरवून घेतात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त फरक जुलैतली हवा करते, आणि त्याला लागते फक्त आर्द्रतामापक आणि शीटमध्ये एक जादा रकाना.

भाचा लगेच म्हणाला, "मग मामा, मेमध्ये काढलेलं उत्तर जुलैत चालणार नाही?" तुमच्या कामाला पन्नास केल्विन महत्त्वाचे असतील तर नाही चालणार, महिना बघून रकाना बदलावा लागेल. आणि हे जे काही उत्तर येईल ते छप्पर आहे एवढं मात्र लक्षात ठेवा, भट्टीच्या भिंती आणि माल ज्योतीतून उष्णता ओढतच असतात, त्यामुळे आतला थर्मोकपल १८०० सेल्सियस दाखवत नाही म्हणून बर्नर खराब आहे असं समजू नका.