पहिल्या ईमेलसोबत नवा लोगो पाठवावा, की फक्त एक निरीक्षण लिहावे?

नुकत्याच सुरू झालेल्या स्टार्टअपला न मागता ईमेल लिहिताना फ्रीलान्स डिझायनरपुढे विचार करण्याजोगे दोनच मार्ग असतात, असे मला वाटते. एक म्हणजे त्यांच्यासाठी नवा लोगो आधीच तयार करून तो मॉकअपसह पाठवणे. दुसरा म्हणजे त्यांच्या सध्याच्या ओळखीतली एखादी नेमकी अडचण दोन वाक्यांत सांगून एक प्रश्न विचारणे. स्वतःची ओळख आणि पोर्टफोलिओचा दुवा एवढेच पाठवण्याचा तिसरा प्रकार मी येथे धरत नाही, कारण त्यात समोरच्या कंपनीविषयी काहीच नसते आणि वाचणाऱ्यालाही ते पहिल्या ओळीतच कळते. पहिले दोन्ही मार्ग मी बराच काळ वापरले आहेत.

मॉकअपची बाजू खरोखरच भक्कम आहे. माझ्या अनुभवात त्याला उत्तरे अधिक आली आणि लवकर आली. आपल्या कंपनीचे नाव नव्या रूपात, ॲपच्या आयकॉनवर किंवा भेटपत्रावर पाहिले की संस्थापकाला आनंद होतो आणि तो कळवतोही. ज्याच्या पोर्टफोलिओत अजून दोन-तीनच कामे आहेत, त्याला हात दाखवण्याची ही चांगली संधी वाटू शकते.

असे असूनही मी तो मार्ग सोडला, आणि त्याचे कारण एकाच कामात स्पष्ट झाले. गोदामातील मालाच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर बनवणारी दोन संस्थापकांची एक छोटी कंपनी होती. मी दोन संध्याकाळी खर्चून एकावर एक रचलेल्या खोक्यांचे चिन्ह तयार केले आणि पाठवले. त्याच दिवशी उत्तर आले की चिन्ह आवडले, पण हिरव्याऐवजी निळा रंग पाहता येईल का. मी निळा करून दिला. मग दुसऱ्या संस्थापकाचे म्हणणे आले की खोकी पाहून ही माल पोहोचवणारी कंपनी वाटते, म्हणून मी कोन बदलले आणि रेषा बारीक केल्या. तिसऱ्या फेरीत सहज बोलता बोलता समजले की काही महिन्यांत त्यांना गोदामांच्या पलीकडे जाऊन लहान दुकानांनाही हेच सॉफ्टवेअर विकायचे होते. म्हणजे खोक्यांची कल्पना मुळातच चुकीची होती, आणि हे कळायला एकच प्रश्न पुरेसा होता, जो मी विचारलाच नव्हता.

मॉकअपचा मला झालेला खरा त्रास हाच आहे. संभाषण उत्तरापासून सुरू होते आणि प्रश्न मागे राहतो. कंपनी कोणासाठी आहे, पुढे कोठे जाणार आहे, चिन्ह सर्वाधिक कोठे दिसणार आहे, यांऐवजी पहिल्याच पत्रापासून चर्चा रंगावर येते. शिवाय मानधनाचा विषय काढला तेव्हा काम जवळपास झालेच आहे, आता फक्त फाइल द्यायची राहिली आहे, असा त्यांचा प्रामाणिक समज झालेला दिसला. त्यांना मी दोष देत नाही; तो समज मीच करून दिला होता. आणि मिळते-जुळते चिन्ह दुसऱ्या कोणी नोंदवलेले आहे का, हे पाहिल्याशिवायच मी ते वापरायला योग्य असल्यासारखे मांडले होते, ही गोष्ट आज मला अधिक खटकते.

निरीक्षणाच्या मार्गात मेहनत वेगळ्या जागी जाते. मी त्या कंपनीची साइट इतर अनेक टॅबसोबत उघडून टॅबमधले छोटे चिन्ह, म्हणजे फेविकॉन, ओळखू येते का ते पाहतो. नंतर समाजमाध्यमावरील त्यांचा गोल प्रोफाइल फोटो पाहतो, कारण आडवा लोगो तेथे दोन्ही बाजूंनी कापला जातो. गडद पार्श्वभूमीवर लोगोभोवती पांढरी चौकट येते का हेही तपासतो. ती आली तर पारदर्शक फाइल त्यांच्याकडे नाही किंवा वापरलेली नाही, असा अंदाज बांधता येतो. एवढ्याला वीस मिनिटे पुरतात, आणि सापडलेल्या गोष्टींपैकी फक्त एकच मी लिहितो. अशाच दुसऱ्या एका कंपनीला पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

«नमस्कार. तुमच्या सॉफ्टवेअरचा डेमो पाहिला. बरेच टॅब उघडे असताना तुमचा टॅब चटकन सापडत नाही, कारण फेविकॉनमध्ये पूर्ण नाव बसवले आहे आणि तेवढ्या जागेत अक्षरांची एक करडी रेघ दिसते. तुमचे ग्राहक दिवसभर हा टॅब उघडा ठेवत असतील, तर त्यांनाही हे जाणवत असेल. मी स्टार्टअपसाठी लोगो आणि त्यासोबतची दृश्य ओळख तयार करतो. अशाच अडचणीवर केलेले एक काम खालील दुव्यावर आहे. एक विचारायचे होते: येत्या काही महिन्यांत मोबाइल ॲप येणार आहे का? येणार असल्यास लहान चौकोनात चालणारे चिन्ह आधी ठरवणे सोयीचे होईल. सध्या गरज नसेल, तर तसे कळवले तरी चालेल.»

त्या नावात 11 अक्षरे होती. फेविकॉनचा मूळ आकार 16 गुणिले 16 पिक्सेल धरला, तर एका अक्षराच्या वाट्याला दीड पिक्सेलही येत नाही; दुप्पट घनतेच्या पडद्यावरही तीन पिक्सेल होत नाहीत. हा हिशेब मी पत्रात लिहिला नाही, कारण संस्थापकाला तो नको असतो. त्याला स्वतःचा टॅब पाहून अर्ध्या मिनिटात खात्री करता आली पाहिजे. निरीक्षण निवडण्याची माझी कसोटी हीच आहे. 'लोगो जुनाट वाटतो' हे या कसोटीला उतरत नाही, कारण ती आवड झाली. शिवाय तो लोगो संस्थापकाने स्वतः किंवा त्याच्या मित्राने काढलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि मग पत्र तेथेच मिटते. चित्रही मी जोडत नाही. अनोळखी व्यक्तीच्या ईमेलमधील चित्रे काही ठिकाणी परवानगीशिवाय दिसत नाहीत, म्हणून मुद्दा शब्दांतच पूर्ण व्हावा, असा माझा प्रयत्न असतो.

या पत्रांना उत्तरे कमी येतात, हे मान्य करायला हवे. कंपनी इतकी नवी असेल की साइटच तयार नाही, तर निरीक्षणाला काही जागाच उरत नाही. मात्र तेव्हा मॉकअपही अंदाजानेच केलेला असतो. आठवड्याभरात उत्तर आले नाही, तर मी दुसरे एक निरीक्षण घेऊन एकदाच पुन्हा लिहितो आणि थांबतो. सुंदर बाटली किंवा वेष्टन हेच ज्यांचे मुख्य आकर्षण आहे, अशा उत्पादनांसाठी कदाचित मॉकअपच अधिक बोलका ठरेल. त्या क्षेत्रात माझे काम थोडे आहे.

परंतु जी उत्तरे येतात, त्यांत कामाचा पहिला तपशील आधीच असतो. वरील पत्राला संस्थापकाने लिहिले की ॲप येणार आहे, पण त्याआधी नावच बदलण्याचा विचार चालू आहे. जुन्या नावाचा लोगो करून पाठवला असता, तर तो त्याच दिवशी निरुपयोगी झाला असता. त्याऐवजी नव्या नावाच्या चार पर्यायांपैकी कोणते लहान चौकोनात नीट बसेल, यावर आमचे पहिले बोलणे झाले, आणि मानधन त्याच बोलण्यात, एकही रेघ काढण्याआधी ठरले.