मुली टिकाव्यात असा गेमिंग ग्रुप: व्हॉट्सअॅपवर की डिस्कॉर्डवर?

चिपळूण ते सावंतवाडी पट्ट्यात बीजीएमआय खेळणाऱ्यांनी ग्रुप काढायचं ठरवलं की तो व्हॉट्सअॅपवरच निघतो. सगळ्यांकडे ते असतंच. रूम आयडी आणि पासवर्ड टाकला की खेळ सुरू. रँडम लॉबीतल्या घाणेरड्या बोलण्याला कंटाळलेल्या मुलीही येतात, पण हळूहळू गप्प होतात आणि मग बाहेर पडतात. अशा वेळी ग्रुप डिस्कॉर्डवर न्यावा का? माझा कौल तिकडे आहे, पण एका अटीवर.

समजा, कुडाळची एक मुलगी शनिवारी रात्री कस्टम रूममध्ये माईक चालू करते. लगेच एक जण विचारतो, "भावाची आयडी घेऊन खेळतंस काय गो?" दुसरा म्हणतो, "गाव खंयचा तुझा?" आपल्याकडे आडनाव आणि वाडी कळली की पुढचं शोधायला फार वेळ लागत नाही, कुणाचा तरी मामा तिथलाच निघतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर तेवढीही मेहनत नाही, कारण तिचा नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो. रात्री साडेअकराला मिस्ड कॉल येतो. अॅडमिन त्या मुलाला काढतो, पण नंबर त्याच्याकडे राहतोच. तिने ब्लॉक केलं तर तो दुसऱ्या सिमवरून फोन करतो.

डिस्कॉर्डवर हाच मुलगा असता तर त्याच्या हाती फक्त तिचं टोपणनाव लागलं असतं. सर्व्हरमधल्या, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या ग्रुपमधल्या, सदस्यांकडून येणारे खासगी मेसेज बंद करायची सोय तिच्या सेटिंगमध्ये आहे. ती तिने स्वतः वापरावी लागते, म्हणून नवीन मुलीला पहिल्याच दिवशी कुणीतरी दाखवून द्यावी. मॉडरेटर त्या मुलाला एका मिनिटापासून एका आठवड्यापर्यंत टाइमआउट देऊ शकतो; तेवढा वेळ तो लिहूही शकत नाही आणि व्हॉइसमध्ये बोलूही शकत नाही. पुन्हा तेच केलं तर बॅन. नवं खातं काढून परत येणाऱ्यांसाठी पडताळणीची सर्वात वरची पातळी ठेवावी. त्यात खात्याला फोन नंबर जोडलेला लागतो, पण तो इतर सदस्यांना दिसत नाही.

आता अडचणीची बाजू. डिस्कॉर्डचं ऑटोमॉड लिहिलेले शब्द अडवतं, बोललेले नाही. त्यातही इंग्रजी अक्षरांत दहा तऱ्हांनी लिहिलेली मराठी शिवी हाताने यादीत घालावी लागते, आणि "भावाची आयडी काय?" यात तर शिवीच नाही. त्रास मुख्यतः आवाजात होतो, म्हणून व्हॉइसमध्ये ऐकणारा माणूस हवा, आणि शक्यतो त्यात एखादी ताई असावी. तिला माईक बंद करायचा, बाहेर काढायचा पूर्ण अधिकार द्यावा. नुसतं नावाला मॉडरेटर करून उपयोग नाही. हा माणूस बसवायचा कुठे? हेलो ३ या गेमवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाईचा आवाज ऐकून जास्त चिडणारे पुरुष हे खेळात कच्चे होते. चांगले खेळणारे तिच्याशी उलट नीट वागत होते. मी तरी गप्पांच्या खोलीपेक्षा नवख्यांच्या आणि हरणाऱ्या स्क्वाडच्या खोलीत आधी लक्ष ठेवीन.

दुसरी अडचण फोनची. कमी रॅमच्या फोनवर बीजीएमआय आणि डिस्कॉर्ड एकत्र चालवले की डिस्कॉर्ड मागच्या मागे बंद पडतं. मग गेममधलाच माईक वापरावा लागतो. तिथे तो 'टीम'वर ठेवावा, त्रास देणाऱ्याला म्यूट करावं आणि रिपोर्ट करावा. तिथे तुमच्या मॉडरेटरचं काही चालत नाही. रूम काढणारा मॅच सुरू होण्याआधी कुणालाही बाहेर काढू शकतो, म्हणून नावं तेव्हाच तपासून घ्यावीत.

फक्त मुलींचा वेगळा ग्रुप? हवाच, पण त्याच सर्व्हरमधली एक खासगी खोली म्हणून. तो एकटाच ठेवला तर एका वेळी चौघी जमत नाहीत आणि स्क्वाड भरायला पुन्हा रँडम घ्यावे लागतात.

व्हॉट्सअॅप अगदी सोडायला नको. वेळापत्रकासाठी तिथे चॅनेल काढा. त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. आणि कुणी फोटो मागितला, धमकी दिली किंवा पाठलाग चालूच ठेवला तर तो दोन्हीकडे मॉडरेटरच्या आवाक्याबाहेरचा विषय आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये ऑनलाइन पाठलागही गुन्हा आहे. मेसेज उडवण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

माझी अट एवढीच: शनिवारी रात्री व्हॉइसमध्ये बसून ऐकायला तुमच्याकडे दोन माणसं आहेत का? नसतील तर सध्या नुसतं चॅनेल चालवा, रूमचा पासवर्ड ओळखीच्यांनाच द्या, आणि माणसं मिळाली की मगच सर्व्हर उघडा.