चुंबक व साध्या विद्युत परिपथाचा संच : आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात या संचातील विद्युतचुंबकाचे टेबल तिसऱ्यांदा बंद पडले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. दर शनिवारी दहा-अकरा वर्षांची बारा मुले एकेका टेबलावर वीस मिनिटे बसतात. चुंबकांच्या टेबलाबद्दल तक्रार नाही. काळे फेराइट चुंबक पडून दोन ठिकाणी टवके उडाले आहेत, इतकेच. बल्ब आणि स्विचच्या टेबलावर होल्डरची पितळी पट्टी अधूनमधून बल्बच्या बुडाला टेकत नाही. सेल काढून ती किंचित वर वाकवली की काम होते. बाकीचे सारे लिहिणे विद्युतचुंबकाबद्दलच आहे, कारण त्याने माझे सर्वाधिक सेल खाल्ले.

संचात लोखंडी खिळा, त्यावर इनॅमल तारेचे ५० वेढे, दोन पेन्सिल सेल आणि उघड-मीट करण्याचा स्विच आहे. पहिल्या दिवशी खिळ्याने १४ टाचण्या उचलल्या आणि मुले हरखून गेली. वीस मिनिटांनी तो तीनच उचलू लागला आणि दुसऱ्या गटाच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नाही. मी विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा ‘चांगले सेल वापरा’ एवढेच उत्तर मिळाले. मलाही ते पटले आणि स्वस्त झिंक-कार्बन सेलांना दोष देऊन मी अल्कलाइन सेल आणले.

तेथे माझे मत पहिल्यांदा बदलले. अल्कलाइन सेल थोडे अधिक टिकले खरे, पण एका मुलीने स्विच चालूच ठेवला तेव्हा दोन मिनिटांत सेल हाताला चटका बसण्याइतके तापले. मग हिशेब मांडला. एका वेढ्याला साधारण २ सेंटिमीटर तार लागते, म्हणजे ५० वेढ्यांना १ मीटर. ०.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.१४ ओहम, म्हणजे जवळजवळ शून्य. हे टेबल मुळातच शॉर्ट सर्किट होते आणि प्रवाहाला जो काही अडसर होता तो सेलच्या स्वतःच्या अंतर्गत रोधाचा. अल्कलाइन सेलचा तो रोध कमी असल्याने प्रवाह आणखी वाढला आणि सेल अधिक तापला. स्वस्त सेलांना मी विनाकारण दोष दिला होता.

यावर सापडलेला उपाय शेजारच्याच टेबलावर होता. टॉर्चचा २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब वेटोळ्यासह एकसरीत जोडला की प्रवाह ०.३ अँपिअरच्या आसपास राहतो. शिवाय बल्ब पेटला म्हणजे परिपथ पूर्ण आहे, हे मुलांना विचारावे लागत नाही. मात्र ५० वेढ्यांचा खिळा इतक्या प्रवाहात एखादीच टाचणी कशीबशी उचलतो. म्हणून मी त्याच खिळ्यावर दोन थरांत १५० वेढे घातले. तार सव्वातीन मीटरच्या आसपास लागली, तिचा रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी, त्यामुळे बल्बच्या उजेडात डोळ्यांना फरक जाणवत नाही. खिळा आता पाच-सहा टाचण्या उचलतो. चौदांपुढे ही संख्या लहान वाटेल, पण ती चौथ्या शनिवारपर्यंत टिकते आणि प्रत्येक गटाला तेच दिसते. स्विचही बदलला आहे. दाबून धरला तरच प्रवाह चालू राहील अशी बटणाची पट्टी लावली आहे.

वेटोळे नव्याने गुंडाळताना एक चूक माझ्याकडूनही झाली. तारेच्या टोकांचे इनॅमल मी एकाच बाजूने घासले होते, त्यामुळे बल्ब लुकलुकत असे आणि मी अर्धा तास सेल बदलत बसलो. आता दोन्ही टोके दोन सेंटिमीटरपर्यंत सर्व बाजूंनी, तांब्याचा लखलखीत रंग दिसेपर्यंत, पॉलिश पेपरने घासून घेतो.

सेल संपला की नाही हे मल्टिमीटरने नुसते मोजून कळत नाही. टाकाऊ ठरलेला माझा एक सेल मोकळा असताना १.४ व्होल्ट दाखवत होता, पण बल्ब जोडताच ०.८ वर आला. म्हणून आता बल्ब पेटलेला असतानाच मोजतो. संपलेले झिंक-कार्बन सेल होल्डरमध्ये ठेवू नयेत. त्यांचे जस्ताचे कवच हाच ऋण अग्र असतो. वापरात ते झिजून भोके पडतात आणि आतला द्रव गळून पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. गेल्या आठवड्यातील बिघाड नेमका हाच निघाला. सुट्टीत मी सेल काढायला विसरलो होतो.

एक गोष्ट मात्र संचाने नकळत चांगली दिली. बटण सोडल्यानंतरही दोन टाचण्या खिळ्याला चिकटून राहतात, कारण बाजारातला खिळा शुद्ध मऊ लोखंडाचा नसून पोलादाचा असतो आणि त्यात थोडे चुंबकत्व मागे उरते. एका मुलाने सेलच्या जोडणीची दिशा उलटी करून बटण क्षणभरच दाबले, तेव्हा त्या गळून पडल्या; जास्त वेळ दाबले तेव्हा पुन्हा चिकटल्या. किती वेळ दाबावे हे शोधण्यात त्याची वीस मिनिटे गेली आणि मी गट बदलायची घंटा उशिरा वाजवली.