स्कॅनच्या मूळ फाइल मागणारं पत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

आई-बाबा कोल्हापुरात, मी जर्मनीत. बाबांच्या यकृतात गाठ दिसली तेव्हा इथल्या तज्ज्ञांचं मत घ्यायचं ठरलं आणि तिकडच्या हॉस्पिटलसाठी मी एक पत्र तयार केलं. प्रत्येक तपासणीनंतर तारीख बदलून तेच वापरतो.

नुसतं ‘स्कॅन पाठवा’ म्हटलं की फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो यायचे. यकृताच्या गाठीसाठी त्यांचा फारसा उपयोग नसतो. शिरेतून औषध सोडल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने, मग मिनिटभराने आणि नंतर काही मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतात; या प्रत्येक टप्प्याला फेज म्हणतात. गाठ आधी उजळते का आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळवंडते का, यावर बरंचसं निदान ठरतं. मूळ, म्हणजे डायकॉम प्रकारच्या फाइलमध्ये तज्ज्ञ उजेड-अंधार बदलून बघतात, नेमक्या जागेची घनता मोजतात. फोटोत ती मोजमापं उरतच नाहीत. म्हणून पत्रातलं मुख्य वाक्य असं आहे: ‘फिल्मऐवजी सर्व फेजच्या, उपलब्ध असलेल्या सर्वांत पातळ कापांच्या डायकॉम फाइल द्याव्यात.’

हे वाक्य किती लागतं ते पहिल्याच सीडीवर कळलं. Weasis या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडली तर डाव्या बाजूला चित्रांची एकच मालिका, आणि माहितीत Slice Thickness 5 मिमी. बाकीच्या दोन फेज नव्हत्याच. पत्राचा हवाला देऊन आईने पुन्हा विचारलं, तेव्हा टेक्निशियनने मशीनवरून उरलेल्या मालिका काढून दिल्या, त्याही 1.25 मिमीच्या. मशीनवरची जागा भरली की हे पातळ काप पुसले जातात, त्यामुळे आता पत्र तपासणीच्या दिवशीच देतो.

पत्राबरोबर बाबांच्या सहीचं संमतीपत्र असतं. त्यात नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख आणि फाइल कोणाला द्यायच्या ते लिहिलेलं असतं. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास कागदपत्रं 72 तासांत द्यावीत, असं मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांत आहे. पत्रात तेही शांत शब्दांत लिहिलंय. रेकॉर्ड विभागात त्या ओळीचा खरंच उपयोग होतो.

फाइल शेकडो एमबींच्या असतात, ईमेलला जोडता येत नाहीत. हॉस्पिटलने लिंक दिली तर उत्तम. नाहीतर भाचा सीडीचं अख्खं फोल्डर, त्यातल्या DICOMDIR या सूचीच्या फाइलसकट, झिप करून चढवतो आणि पासवर्ड फोनवर सांगतो. जुना स्कॅनही सोबत मागावा, कारण गाठ वाढली की नाही हे तुलनेशिवाय सांगता येत नाही.

पत्राची मर्यादाही सांगतो. जे काढलंच नाही ते मागून मिळत नाही. मागच्या वेळी पहिली फेज उशिरा घेतली गेली होती, त्यामुळे फाइल पूर्ण असूनही तज्ज्ञांना ठाम सांगता आलं नाही आणि स्कॅन पुन्हा करावा लागला. तेव्हापासून स्कॅनच्या आधीच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ट्रायफेजिक’, म्हणजे तिन्ही फेजचा, असं लिहून घ्यायला आईला सांगतो.