बलून की बायबॅक: कमी हप्त्याच्या कर्जाचे शेवटचे वर्ष

गाडीच्या कर्जाच्या बलून आणि बायबॅक या दोन्ही योजनांत हप्ता कमी दिसण्याचे कारण एकच असते: मुद्दलाचा एक भाग मुदतीच्या टोकाला ढकललेला असतो. बलूनमध्ये ती रक्कम शेवटी आपण एकरकमी भरतो, तर बायबॅकमध्ये विक्रेता आधी ठरलेल्या किमतीला गाडी परत घेतो आणि त्यातून ती वळती होते.

आठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर साधा हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो. त्यातले दोन लाख शेवटासाठी राखले, तर हप्ता १३,९५० च्या आसपास उतरतो. मात्र त्या दोन लाखांवर पाचही वर्षे व्याज चालूच राहते आणि एकूण व्याज चाळीसेक हजारांनी वाढते. तेवढे एक वेळ सोसता येते. चौथ्या वर्षाअखेरची बाकी पाहून मात्र मी थबकलो. साध्या कर्जात ती सुमारे १ लाख ९० हजार उरते, तर बलूनमध्ये ३ लाख ४२ हजार. त्या वर्षी गाडी विकायची झाली, तर ही सगळी बाकी फेडल्याशिवाय बँकेचे ना-हरकत पत्र मिळत नाही आणि आर.सी. बुकावरचा बोजा उतरत नाही. शेवटचे दोन लाख हाताशी नसतील, तर पाच वर्षे जुन्या गाडीवर नवे कर्ज काढावे लागते, आणि जुन्या गाडीचा व्याजदर सहसा नव्या गाडीपेक्षा चढा असतो.

बायबॅकमध्ये ही धास्ती नाही, असे दांडिया बाजारातल्या आमच्या शेजाऱ्यांचे मत होते आणि कागदावर ते खरेही आहे. परंतु मला दाखवलेल्या पत्रकात वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा होती. माझी नोकरी हालोलला असल्याने वडोदऱ्याहून जाऊन-येऊनच ती आठ-नऊ महिन्यांत संपली असती. त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरमागे कपात, अपघाताचा विमादावा झाला असल्यास वेगळी कपात, आणि पुढची गाडी त्यांच्याकडूनच घेतली तरच पूर्ण किंमत, अशी कलमे होती. शिवाय तपासणी करणारा त्यांचाच माणूस. म्हणजे किंमत आज ठरते, पण ती मिळेल की नाही हे शेवटच्या वर्षी ते ठरवणार. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

मी साधे कर्ज घेतले आणि थोडी लहान गाडी निवडली. ज्यांची ठेव पाचव्या वर्षी नक्की पिकणार आहे, त्यांना बलून कदाचित सोयीचे पडेल. गाडी जेमतेम शहरातच फिरत असेल, तर बायबॅकही वाईट नाही. दोहोंपैकी एकच घ्यायचे असेल, तर मी बलूनकडे झुकेन, कारण तिथे निदान देय रक्कम पहिल्या दिवसापासून लेखी असते. सहीपूर्वी हप्त्यांचे पूर्ण वेळापत्रक मागावे आणि त्यातली अठ्ठेचाळिसाव्या हप्त्यानंतरची बाकी पाहावी.